रागाचा पारा आणि सापशिडीचा पट

माणूस रागावला म्हणजे त्याचा पारा चढला, असे मराठीत म्हणतात. या साध्या वाक्प्रचारात एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. पारा एका उडीत नळीच्या टोकाला पोहोचत नाही. तो अंशाअंशाने वर सरकतो. रागावलेल्या मुलाकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र बहुधा शेवटचा अंशच दिसतो. वही फेकली गेली, शेजारच्या मुलाच्या पाठीत धपाटा बसला, वर्ग दुमदुमेल अशी आरोळी उठली, की मग शिक्षकांचे अथवा पालकांचे लक्ष तिकडे जाते. त्यापूर्वीच्या अर्ध्या-एक मिनिटात काय घडले हे कोणी पाहिलेले नसते, आणि खुद्द मुलालाही ते सांगता येत नाही.

हे मधले अंश मुलाला ओळखता यावेत एवढ्यासाठी बालमानसशास्त्रात तापमापकाच्या आकाराचे एक साधे चित्र वापरले जाते. त्याचा उगम शाळेत झालेला नाही. १९५६ साली अमेरिकेतील वॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हवाई छत्रीने उडी घेण्याचे शिक्षण घेणाऱ्या सैनिकांच्या हाती तापमापकाचे चित्र दिले आणि सरावाच्या मनोऱ्यावरून उडी घेताना आपल्याला वाटलेल्या भीतीची खूण त्यावर करावयास सांगितली. भीती ही ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी दोनच उत्तरे असलेली गोष्ट नसून तिला कमी-अधिक पायऱ्या असतात व माणूस त्या स्वतः मोजू शकतो, हे त्यातून दिसले. पुढे जोसेफ वोल्पे यांनी मनोविकारांच्या उपचारात शून्य ते शंभर अशी मोजपट्टी रूढ केली. मुलांच्या रागासाठी आज जी पट्टी वापरतात ती याच घराण्यातली. प्रस्तुत लेखात तिला पारापट्टी म्हटले आहे. काचेच्या नळीतील पारा आता घरोघरी दिसत नाही, ताप पाहावयाची साधनेही आकडे दाखवू लागली आहेत. तेव्हा मुलांना प्रथम पारा म्हणजे काय, हे चित्र काढून सांगावे लागेल, इतकेच.

एक मूल व पाच दिवसांची नोंद

पट्टी भिंतीवर लावण्यापूर्वी एक काम करावयाचे असते आणि बहुतेक ठिकाणी तेच वगळले जाते. ते काम म्हणजे नोंद. गोव्यातील एखाद्या खेड्यातील शासकीय मराठी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. पहिली ते चौथीची मुले एका खोलीत बसतात, शिकवावयास एकच बाई आहेत. दुसरीत सात वर्षांचा एक मुलगा आहे. उदाहरणापुरते त्याला बाबू म्हणू. बाबू मारकुटा म्हणून प्रसिद्ध आहे. ‘तो दिवसभर मारामाऱ्या करतो,’ अशी सर्वांची तक्रार.

बाईंनी पाच शाळेचे दिवस एका वहीत फक्त चार गोष्टी लिहिल्या: किती वाजता, लगेच आधी काय झाले, बाबूने काय केले, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. आठवड्याअखेर अकरा प्रसंग नोंदले गेले. दिवसभर मारामाऱ्या ही समजूत पहिल्याच दृष्टिक्षेपात चुकीची ठरली. अकरांपैकी सात प्रसंग मधल्या सुट्टीच्या आधीच्या पाऊण तासात घडले होते. त्या सातांपैकी पाच वेळा बाबू वही तपासून घेण्यासाठी रांगेत उभा होता, किंवा खोडलेले उत्तर पुन्हा लिहीत होता. शेवटच्या रकान्याने तर आणखी एक गोष्ट दाखविली: मारल्यानंतर त्याला दर वेळी दाराशी उभे केले गेले, म्हणजे न येणारी वजाबाकी दर वेळी सुटली.

वेळेचा हा योग केवळ योगायोग समजू नये. फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषीने ४५ मुलांच्या मातांकडून रोजनिशा लिहून घेऊन १९३१ साली ‘लहान मुलांतील राग’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जेवणाच्या वेळेपूर्वी रागाचे झटके अधिक येतात असे दिसून आले होते. सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत आलेल्या मुलाबाबत वेगळे काय घडणार? बाईंनी बाबूच्या आईला निरोप धाडला की सकाळी पेज किंवा भाकरी खाऊन त्यास पाठवावे, आणि वजाबाकीचा तास सुट्टीनंतर नेला. या दोन बदलांनी पुढच्या आठवड्यात प्रसंग अकरावरून सातावर आले. पारापट्टीचे काम उरलेल्या सातांसाठी.

पट्टी कशी करावी

पुठ्ठ्याचा एक हात लांब व चार बोटे रुंद तुकडा घ्यावा. त्याच्या खालच्या व वरच्या टोकाला एकेक चीर पाडून त्यातून लाल व पांढरा कापडी पट्टा जोडून ओवावा, म्हणजे तो मागून ओढला की लाल भाग वर चढतो आणि उतरतो. पाच खुणा कराव्यात. सहा वर्षांवरील मुलास पाच पायऱ्या समजतात. चार-पाच वर्षांच्या, म्हणजे अंगणवाडीतील मुलास हिरवा, पिवळा, तांबडा असे तीनच रंग पुरेत. चार वर्षांच्या आतील मुलासाठी हे साधन नव्हे. त्या वयात राग मोजण्याइतके अंतर मुलाला स्वतःपासून घेता येत नाही, आणि मोठ्या माणसाने कडेवर घेऊन शांत करणे हाच तेथे उपाय होय.

पट्टीवर केवळ आकडे लिहिणे व्यर्थ आहे. ‘तीन’ म्हणजे किती राग, हे सात वर्षांच्या मुलाने कशावरून ठरवावे? प्रत्येक अंशासमोर शरीराची खूण हवी, आणि ती त्या मुलाची स्वतःची हवी. एकाचे कान तापतात, दुसऱ्याचे ओठ आवळले जातात, तिसरी मुलगी एकदम गप्प होते. बाबूच्या बाबतीत बाईंनी पाहिले की मारण्यापूर्वी त्याची पेन्सिल इतकी दाबली जाते की तिचे टोक मोडते. बाबूशी बोलून पट्टी अशी ठरली: एकावर हात सैल, दोनावर कपाळाला आठी, तिनावर पेन्सिल दाबते आणि पोटात घट्ट होते, चारावर आवाज चढतो, पाचावर हात उठतो.

संपूर्ण पट्टीत महत्त्वाचा अंश तीन हा आहे. एक-दोनवर काही करण्याची गरज नाही, कारण थोडा राग येणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. पाचावर काही करता येत नाही. त्या क्षणी हृदयाचे ठोके वाढलेले असतात, स्नायू ताठलेले असतात, शब्द कानांवर पडतात पण आत शिरत नाहीत. आणि ही उत्तेजना ओसरण्यास पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच भांडण मिटल्यावर पाच मिनिटांत क्षुल्लक कारणावरून दुसरे भांडण पेटते. पहिल्याचा निखारा अजून विझलेला नसतो. तिनावर मात्र मूल अजून ऐकू शकते, निवड करू शकते. मुलाला स्वतःचा ‘तीन’ ओळखता येणे, एवढेच या साधनाचे साध्य आहे. शून्यावर राहणे हे साध्य नव्हे.

बाबूच्या घरी कोकणी बोलतात. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी लमाणी बोली असते. रागाचे शब्द मुलाने कोणत्याही भाषेत सांगावेत, ते तसेच पट्टीवर लिहावेत. शाळेच्या भाषेत योग्य शब्द सापडत नाही म्हणून हात उठतो, असेही पुष्कळदा घडते.

कासव

तिनावर पोहोचल्यावर काय करावयाचे? ‘शांत हो’ ही आज्ञा निरुपयोगी आहे, कारण ती कशी पाळावी हे तीत सांगितलेले नसते. करण्याजोगी कृती हवी. १९७०च्या दशकात अमेरिकेतील श्नायडर आणि रॉबिन यांनी अशा मुलांच्या वर्गांसाठी कासवाची युक्ती बसविली. मूल हात अंगाशी घेते, मान खाली घालते, डोळे मिटते, स्नायू सैल सोडते, आणि मग आता काय करता येईल याचा विचार करून बाहेर येते. कासवाने अवयव आत ओढून घ्यावेत ही उपमा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या वाचकांस नवी नाही, आणि आपल्याकडील कित्येक देवळांच्या सभामंडपात दगडी कासव मुले रोज पाहतात. त्यामुळे ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही.

कासवाच्या कवचात असताना तीन श्वास घ्यावयाचे. येथे एक सामान्य चूक होते. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की मुले छाती फुगवून हवा आत ओढतात आणि खांदे ताठ करतात. त्याने ताण वाढतोच. हृदयाची गती श्वास सोडताना मंदावते, म्हणून सोडण्याचा काळ अधिक हवा: आत घेताना मनात तीन, सोडताना पाच. हे शिकविण्यास माडाच्या पातीचे भिरभिरे उत्तम. ते जोराने फिरविण्याची पैज लावू नये. सर्वांत सावकाश आणि सर्वांत जास्त वेळ कोणाचे फिरते, ही पैज लावावी. जोराने फुंकणाऱ्यास घेरी येते. हळू फुंकणारा, नकळत, जे शिकावयाचे तेच शिकतो.

हा सराव रोज पाच मिनिटे, सकाळी, सर्व मुले शांत असताना करावयाचा. एकट्या बाबूला करावयास लावणे म्हणजे त्यास वर्गापुढे उभे करणे होय. सर्व वर्ग कासव झाला की त्यात शिक्षा राहत नाही.

थांबण्याचे खेळ

आपल्या अंगणातील जुन्या खेळांत आत्मनियंत्रणाचे शिक्षण भरलेले आहे. विषामृतात ‘विष’ म्हणताच जागच्या जागी गोठावयाचे आणि ‘अमृत’ मिळाल्यावरच हलावयाचे. ‘चिमणी उड, कावळा उड’ म्हणता म्हणता कोणी ‘पाटी उड’ म्हटले की वर जाऊ पाहणारे बोट आवरावयाचे. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात ते शब्द नसतील तर आज्ञा पाळावयाची नाही. तिन्हींत एकच व्यायाम आहे: सुरू झालेली हालचाल मध्येच थांबविणे. उगारलेला हात थांबविण्यासाठी हेच लागते. टॉमिनी आणि मॅक्लेलँड यांनी २०११ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर अशाच थांबण्याच्या खेळांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्व मुलांना सारखा लाभ झाला नाही. ज्यांचे नियंत्रण आरंभी कच्चे होते त्यांच्यात सुधारणा दिसली.

परंतु हे खेळ जसे खेळले जातात तसे ते बाबूच्या उपयोगाचे नाहीत. चुकला तो बाद, या नियमामुळे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज तोच सर्वप्रथम बाजूला बसतो, आणि वर चिडतो. म्हणून ‘बाद’ काढून टाकावा. चुकला त्याने एक गिरकी घेऊन खेळात परतावे. आठवडाभराने नियम उलटा करावा: ‘अमृत’ म्हटले की थांबा, ‘विष’ म्हटले की धावा. सवयीने होणारी कृती आवरून दुसरी करावी लागते, तेव्हा खरा कस लागतो.

सापशिडी: अपयशाची लहान मात्रा

थांबण्याच्या खेळात राग नसतो. बाबूचा हात उठतो तो मात्र काहीतरी बिघडले, हरले, हुकले म्हणजे. तेव्हा थोडेसे हरण्याचा सराव हवा. लस जशी रोगाची सौम्य मात्रा देऊन शरीरास तयार करते, काहीशी तशीच ही रीत. त्यासाठी सापशिडीसारखा दुसरा खेळ नाही, कारण तिच्यात मुलाचा काहीएक दोष नसताना ते खाली येते.

बाजारचा शंभर घरांचा पट लांबतो. जमिनीवर खडूने छत्तीस घरांचा पट आखावा. तीन शिड्या, चार साप. पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा साप सहा घरांपेक्षा लांब नसावा. सोंगट्यांना चिंचोके चालतील. खेळाडू तीन किंवा चार, त्यांत एक मोठे माणूस, आणि पारापट्टी पटाशेजारी. नेहमीच्या खेळात फक्त एका नियमाची भर घालावयाची: सापाच्या तोंडी पडलेल्याने सोंगटी खाली नेण्याआधी पट्टीवर बोट ठेवून आपला पारा सांगावयाचा. तीन किंवा अधिक असेल तर कासवाचे तीन श्वास, मग सोंगटी खाली. तोवर बाकीच्यांनी गप्प राहावयाचे, हसावयाचे नाही. जो आपला पारा सांगेल त्याच्यापुढे एक चिंचोका ठेवावयाचा, मग तो आकडा कोणताही असो. डाव संपल्यावर दोन गोष्टी मोजल्या जातात: छत्तिसाव्या घरात प्रथम कोण पोहोचले आणि चिंचोके कोणाकडे अधिक.

मोठ्या माणसाचे काम खेळविण्यापुरते नसते. त्यानेही सापाच्या तोंडी पडावे आणि मोठ्याने बोलावे: ‘अरे, आता तर जिंकत आले होते! पारा तिनावर गेला माझा. जबडा आवळला बघ. थांबा हं, कासव करते.’ मुले उपदेशाने जेवढे शिकत नाहीत तेवढे या दोन वाक्यांनी शिकतात. मोठ्यांनाही राग येतो आणि तो असा हाताळला जातो, ही त्यांच्यासाठी बहुधा पहिलीच वार्ता असते.

पहिल्या दिवशी बाबू साप चावताच ‘एक!’ म्हणाला, मूठ मात्र वळलेली. बाईंनी त्याला खोटे पाडले नाही. ‘तुझी मूठ मला तीन वाटते. माझी चूक असेल,’ एवढेच म्हणून चिंचोका ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याने पट उधळला. अशा वेळी व्याख्यान देऊ नये आणि सक्तीने डाव पुरा करून घेऊ नये. आजचा खेळ संपला, उद्या पुन्हा, असे सांगून पट पुसावा. पट उधळला जाणे याचा अर्थ मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी साप तोकडे करावेत. बाईंनी सर्वांत लांब साप चार घरांचा केला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाबूने प्रथमच, कोणी न विचारता, ‘चार, बाई,’ म्हटले, आणि मान खाली घातली. मग साप हळूहळू लांबवीत नेले. शेवटी पस्तिसाव्या घरातून पाचाव्या घरात नेणारा साप आखला, तेव्हा त्याच्या आधी तिसरीतील एक मुलगी रडली.

पटावर जमलेले वर्गात आपोआप जमत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बाईंनी एक लहान पट्टी, बोटाएवढी, बाबूच्या कंपासपेटीत चिकटविली. पेन्सिल दाबू लागली की त्या जवळून जाताना हळूच विचारीत, ‘बाबू, कितीवर रे?’ तो बोट ठेवी. तीन असेल तर त्याने पाण्याच्या माठापाशी जाऊन एक पेला पाणी पिऊन यावे, अशी दोघांत ठरलेली खूण होती. परत आल्यावर तीच वजाबाकी, पण पाचांऐवजी दोन गणिते. ही अट मोलाची आहे. माठापर्यंत जाऊन गणितच सुटले तर दाराशी उभे राहण्याची जागा माठाने घेतली, एवढाच फरक होईल. मूल गणिताच्या तासाला रोज ‘चार’ सांगू लागेल. तसे घडू लागले तर मुलाला खोटारडे ठरवू नये, गणित त्याच्या आवाक्याबाहेर आहे काय हे पाहावे.

बिघडते कोठे

पट्टी पुष्कळ ठिकाणी महिन्याभरात निकामी होते, आणि दोष पट्टीचा नसतो. मूल पेटलेले असताना ती प्रथमच पुढे केली जाते. दरडावून ‘कितीवर आहे, सांग!’ असे विचारले जाते; किंवा फक्त ‘एक’ म्हणणाऱ्यास शाबासकी मिळते, आणि मग सर्व वर्ग एकच्या पुढे जात नाही. शाबासकी खरा आकडा सांगण्यास असावी. पारा पाचावर गेल्यानंतरची रीतही ठरलेली हवी. प्रथम ज्याला लागले त्या मुलाकडे जावे, त्याची विचारपूस सर्वांसमक्ष व्हावी. मारणाऱ्यास हाताच्या अंतरावर, गर्दीपासून दूर, मोजक्या शब्दांत थांबवावे: ‘मारू देणार नाही. येथे बस.’ बोलणे अर्ध्या तासाने. भरपाई, म्हणजे फाटलेले पान चिकटवून देणे, सांडलेले आवरणे, त्यानंतर.

उशीला बुक्के मारून राग बाहेर काढावा, हा सल्ला अजूनही दिला जातो. तो सोडून द्यावा. बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडविणाऱ्या व्यक्तीला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी स्वस्थ बसलेल्यांपेक्षा अधिक रागावलेले आणि अधिक आक्रमक आढळले. मारण्याचा सराव केल्याने मारणेच पक्के होते.

घरचा भाग अधिक अवघड आहे. बाबू घरी मोबाईलसाठी ओरडतो, आई दोनदा नाही म्हणते, तो भांडे आपटतो, आजी म्हणते, ‘दे गो एकदाचा,’ आणि मोबाईल मिळतो. आजीच्या कानांना विसावा मिळाला, बाबूला मोबाईल. दोघांचीही सवय त्याने घट्ट होते. जेराल्ड पॅटर्सन यांनी १९८२च्या आपल्या ग्रंथात कुटुंबातील ही देवाणघेवाण तपशिलाने उलगडून दाखविली आहे. घरच्यांनी देणे थांबविले की ओरडणे प्रथम कमी होत नाही, काही दिवस वाढते. ही वाढ अपेक्षित आहे, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवावे. चौथ्या दिवशी कंटाळून मोबाईल दिला, तर चार दिवस ओरडल्यावर मिळतो एवढाच धडा मूल शिकते. त्यापेक्षा पहिल्या दिवशी देणे परवडले. मागण्याची दुसरी वाट मात्र उघडी असावी: पारा तिनाच्या खाली असताना मागितले तर ठरलेल्या वेळी वीस मिनिटे मिळतील.

मारणाऱ्या मुलाला मारून सुधारू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ अन्वये निषिद्ध आहे आणि गोव्यात २००३च्या बाल कायद्यानेही शाळेतील मार बंद केला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पाचावर असलेल्या मुलापुढे पाचावर असलेला गुरुजी उभा राहिला, तर पट्टी कोणी वाचावयाची?

सुधारणा कशी ओळखावी आणि कोठे थांबावे

मारण्याची संख्या हे सुधारणेचे पहिले लक्षण नव्हे. प्रथम झटक्याचा काळ कमी होतो: वीस मिनिटे चालणारा गोंधळ आठ मिनिटांत शमतो. मग हाताची जागा आवाज घेतो. मारण्याऐवजी मूल ओरडते. ओरडण्याबद्दल त्याच वेळी बोलणी बसली तर ही पायरी हातची जाते. त्यानंतर मूल न विचारता आकडा सांगू लागते, आणि शेवटी संख्या उतरते. वहीतील नोंद आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवली तरच हे दिसते. स्मरणावर विसंबले तर ताजा प्रसंगच मोठा वाटतो. बाबूच्या वहीत सहाव्या आठवड्यात दोन प्रसंग होते, दोन्ही ओरडण्याचे.

सहा आठवड्यांच्या नियमित प्रयत्नानंतरही वही हलली नाही, तर कारण अन्यत्र शोधावे. फळ्यावरचे दिसत नाही, कमी ऐकू येते, रात्री झोप होत नाही, घरी मार बसतो, यांपैकी काहीही रागाच्या रूपाने बाहेर येऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत मुलांची तपासणी करतात. अशा मुलाचे नाव वहीसह त्यांच्यापुढे ठेवावे. मूल स्वतःला इजा करीत असेल, जनावरांचा छळ करीत असेल, त्यास झटके येत असतील किंवा शिकलेले बोलणे ते विसरू लागले असेल, तर सहा आठवडे थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक विनामूल्य आहे. घरी छळ होत असल्याचा संशय आल्यास १०९८ वर कळवावे.

पट्टी काढून घेण्याचीही वेळ येते. सलग तीन आठवडे मूल पट्टीला हात न लावता आपणहून माठाकडे जाऊ लागले, की मोठी पट्टी भिंतीवरून उतरवावी आणि कंपासपेटीतील लहान पट्टी तेवढी राहू द्यावी. परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारपण किंवा नवे बाळ आले असता, अथवा लांब सुट्टीनंतर शाळा सुरू होताना पारा पुन्हा चढू लागतो. तेव्हा दोन आठवड्यांपुरता सापशिडीचा पट पुन्हा आखावा, प्रारंभी चार घरांच्या सापापासून.